लॉजिस्टिक्स क्लायंटला ओपन क्लेम्सचा स्टेटस रिपोर्ट कसा लिहायचा

प्रश्न: मी पुण्यात एका इन्शुरन्स ब्रोकरकडे क्लेम्स डेस्कला नवीन आहे. एका लॉजिस्टिक्स कंपनीचे चार क्लेम ओपन आहेत, त्यांच्या अकाउंट्स हेडला ऑक्टोबर अखेरचा स्टेटस रिपोर्ट द्यायचाय. कोणती डॉक्युमेंट्स पेंडिंग, पैसे कधी येणार, सगळं त्यांना हवंय. आमच्या जुन्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक क्लेमपुढे 'अंडर प्रोसेस' लिहिलंय आणि क्लायंट त्यावरून चिडतोय. कसं लिहू?

उत्तर:

क्लायंट चिडतोय ते बरोबरच आहे. 'अंडर प्रोसेस' वाचून त्याला एवढंच कळतं की पैसे आले नाहीत, आणि ते त्याला आधीच माहीत असतं. त्याला खरं तीन गोष्टी हव्या असतात: आत्ता पुढचं काम कोणाकडे अडलंय, त्याच्या स्वतःच्या माणसांनी काय करायचंय, आणि एखादी कायदेशीर मुदत संपत येतेय का. यातली तिसरी गोष्ट बहुतेक रिपोर्टमध्ये नसतेच आणि नुकसान नेमकं तिथेच होतं, कारण डॉक्युमेंट उशिरा दिलं तर क्लेम लांबतो पण ट्रान्सपोर्टरला नोटीस द्यायची मुदत गेली तर हक्कच जातो आणि मग इन्शुरन्स कंपनी तुमच्या क्लायंटलाच विचारते की आमची रिकव्हरी का घालवली.

मी अशाच चार क्लेमचं उदाहरण घेऊन सांगते, माल आणि आकडे समजण्यापुरते धरलेत पण चारही प्रकार भिवंडी-चाकण भागातल्या कुठल्याही थ्रीपीएल कंपनीकडे वर्षभरात येतातच. रिपोर्टची तारीख ३१ ऑक्टोबर २०२५ धरू.

पहिला क्लेम सविस्तर घेते, तो नीट लिहिता आला की बाकीचे आपोआप जमतात. भिवंडीच्या गोडाऊनमधून नागपूरला ६०० सीलिंग फॅन गेले, १२ जून २०२५ ची एलआर, म्हणजे ट्रान्सपोर्टरने माल बुक केल्याची पावती, माल फॅन कंपनीचा, गाडी बाहेरच्या ट्रान्सपोर्टरची, एलआरवर कन्साइनर म्हणून तुमच्या क्लायंटचं नाव, आणि पॉलिसी क्लायंटच्या नावावर असलेली ओपन ट्रान्झिट पॉलिसी. वाटेत पाऊस, ताडपत्री फाटलेली, नागपूरला गाडी उघडली तर पुढच्या बाजूचे आणि खालच्या थरातले १२० कार्टन भिजलेले. डिलरने पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, '१२० कार्टन ओले, तपासणीच्या अटीवर स्वीकारले' असा शेरा लिहून सही-शिक्का दिला. हा शेरा म्हणजे या क्लेमचा पाया आहे. शेरा नसलेली स्वच्छ पीओडी असती तर ट्रान्सपोर्टर म्हणाला असता की माल माझ्याकडून चांगला गेला, तुमच्याच गोडाऊनमध्ये भिजला असेल.

क्लायंटने क्लेम टाकला २,८३,२०० रुपयांचा. १२० फॅन, दोन हजार रुपये नग, म्हणजे २,४०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४३,२००. आता अकाउंट्स हेडच्या डोक्यात हाच आकडा बसलेला असतो, त्याच्या लेजरमध्ये तेवढेच येणे दिसतात, आणि तुम्ही रिपोर्टमध्ये 'क्लेम अमाउंट २,८३,२००' एवढंच लिहिलंत तर शेवटी जे कमी येईल त्याचा राग तुमच्यावर निघणार. म्हणून आकडा कुठून कुठे उतरतो ते रिपोर्टमध्ये दाखवायचं, आणि सेटलमेंटच्या दिवशी नाही तर सर्व्हे झाल्या झाल्या.

सर्व्हेअरने नागपूरला १२० कार्टन उघडून घेतले. ३० ठिकाणी नुसता बाहेरचा बॉक्स ओला होता, आतली प्लास्टिकची पिशवी शाबूत, मोटर कोरडी, मेगरने वाइंडिंग तपासलं तर इन्सुलेशन ठीक. उरलेल्या ९० मध्ये पाणी मोटरपर्यंत गेलेलं, रीडिंग पडलेलं, बेअरिंगवर गंज यायला लागलेला. म्हणजे ९० फॅन पूर्ण नुकसान, १,८०,००० रुपये, आणि ३० फॅनचा फक्त रीपॅकिंगचा खर्च, साठ रुपये नगाप्रमाणे १,८००. एकूण १,८१,८००. त्यातून सॅल्व्हेज वजा होतं, कारण भिजलेल्या फॅनलाही तांब्याची आणि लोखंडाची किंमत असते. भंगारवाल्याचं तोंडी बोलणं ९० नगांना २७,००० चं आहे. मग उरतात १,५४,८००. पॉलिसीत एक्सेस, म्हणजे क्लायंटने स्वतः सोसायचा भाग, कन्साइनमेंट व्हॅल्यूच्या अर्धा टक्का, बारा लाखांवर ६,००० रुपये, तो वजा जाता १,४८,८००. म्हणजे क्लायंट २,८३,२०० ची वाट बघतोय आणि हातात साधारण दीड लाख येणार आहेत.

जीएसटीच्या ४३,२०० वर क्लायंट हमखास अडतो, तेव्हा रिपोर्टमध्येच दोन ओळीत सांगून टाका. डिलरने माल नाकारला की फॅन कंपनी त्याला क्रेडिट नोट देते आणि तिचा तेवढा आउटपुट टॅक्स कमी होतो, म्हणजे ४३,२०० चं नुकसान कोणाचं झालेलंच नसतं. खरं नुकसान होऊ शकतं ते वेगळं: माल नष्ट झाला किंवा राइट ऑफ केला तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) खाली त्यासाठी घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. ती रक्कम मागायची असेल तर मालाच्या मालकाकडून रिव्हर्सल केल्याचा पुरावा आणि सीएचं सर्टिफिकेट लागतं, शिवाय पॉलिसीत ती बसते का ते आधी बघावं लागतं. आणि इथे फॅन भंगारात का होईना विकले जाणार आहेत तेव्हा 'नष्ट' म्हणता येतं का हा प्रश्न सीएलाच विचारा, आपण ब्रोकरने त्यावर मत लिहू नये.

आता हा क्लेम अडलाय कुठे? सर्व्हेअर फायनल रिपोर्ट देत नाहीये, आणि 'सर्व्हे रिपोर्ट पेंडिंग' लिहिलं की क्लायंट म्हणणार सर्व्हेअर आळशी आहे, बदला त्याला. पण सर्व्हेअर दोन गोष्टींसाठी थांबलाय आणि दोन्ही क्लायंटच्या बाजूच्या आहेत. एक म्हणजे सॅल्व्हेज. फॅन कंपनीला आपल्या नावाचे भिजलेले फॅन बाजारात गेलेले चालत नाहीत, उद्या कोणी तेच पुसून विकले आणि शॉक बसला तर नाव त्यांचं खराब होणार, त्यामुळे लोगो काढून, मोटर फोडूनच द्या असं त्यांचं म्हणणं आहे, आणि तसं फोडून द्यायचं म्हटल्यावर भंगारवाला तोंडी बोललेला दर खाली आणतोय. हा वाद फॅन कंपनीच्या कमर्शियल टीमकडे पडून आहे. म्हणजे हवंय काय, तर ब्रँड खोडून विकायला हरकत नाही असं मालकाचं एक पत्र आणि त्या अटीवरचे लेखी कोट. हे नाव घेऊन लिहा, कोणाच्या टेबलवर आहे ते.

दुसरी गोष्ट ट्रान्सपोर्टरवरची नोटीस, ज्याला आपण मॉनेटरी क्लेम म्हणतो. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट २००७ च्या कलम १६ प्रमाणे माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टरला नुकसानीची लेखी नोटीस गेलेली असली पाहिजे, नाहीतर पुढे त्याच्यावर दावा लावता येत नाही. लक्षात घ्या, दिवस बुकिंगपासून मोजायचे, डिलिव्हरीपासून किंवा सर्व्हेपासून नाही. १२ जूनपासून १८० दिवस ९ डिसेंबर २०२५ ला भरतात. क्लायंटचा डिस्पॅचवाला म्हणतो की आम्ही ट्रान्सपोर्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, फोनवर बोललो, त्याने भाड्यातून कापून घ्या म्हणून सांगितलं. यातलं काहीच नोटीस म्हणून पुढे करण्यासारखं नाही. लेटरहेडवर, एलआर नंबर, तारीख, किती नग, किती रुपये, असं पत्र, ट्रान्सपोर्टरच्या एलआरवर छापलेल्या ऑफिसच्या पत्त्यावर, पोस्टाने, पोचपावतीसकट. आणि भाड्यातून परस्पर कापून घेतलं तर तेही रिपोर्टमध्ये यायला हवं, कारण तेवढी रक्कम इन्शुरन्स कंपनी वजा करणार आणि लपवलं तर पुढे फार वाईट दिसतं.

म्हणून पहिल्या क्लेमची नोंद मी अशी लिहीन, बघा:

"भिवंडी ते नागपूर, फॅन, एलआर दि. १२ जून २०२५. सर्व्हे पूर्ण, फायनल रिपोर्ट बाकी. मागितलेली रक्कम २,८३,२००. सर्व्हेअरच्या तपासणीवरून आमचा अंदाज १,४८,८०० च्या आसपास (फरकाचा हिशोब सोबत), सॅल्व्हेजचा दर बदलला तर हा आकडा बदलेल. तुमच्याकडून हवं: १. ट्रान्सपोर्टरला नोटीस, मसुदा आम्ही पाठवला आहे, १० नोव्हेंबरपर्यंत पोस्टात पडावी. कायदेशीर शेवटची तारीख ९ डिसेंबर. २. फॅन कंपनीचं ब्रँड खोडून विक्रीला संमतीपत्र. ३. त्या अटीवर दोन भंगार खरेदीदारांचे लेखी कोट. ही तिन्ही मिळाल्यावर सर्व्हे रिपोर्ट साधारण दोन-तीन आठवड्यांत अपेक्षित, त्यानंतर इन्शुरन्स कंपनीची छाननी. पैसे फॅन कंपनीच्या खात्यात जायचे की तुमच्या, याचं मालकाचं एनओसी आत्ताच घेऊन ठेवा."

हे शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. पॉलिसी क्लायंटच्या नावाने पण माल दुसऱ्याचा असला की कंपनी पेमेंटच्या दिवशी विचारते की मालकाची हरकत नाही ना, आणि मग मालकाच्या लीगलकडून एक पानाचं पत्र यायला महिना जातो. जे कागद शेवटच्या टप्प्यावर लागणार हे आजच माहीत आहे ते आजच मागायचे.

अंदाजाच्या तारखेबद्दल एक सांगते. क्लायंट तारीख मागणारच, अकाउंट्सला क्वार्टर बंद करायचा असतो. पण '३० नोव्हेंबरपर्यंत पेमेंट' असं लिहू नका, तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीची तारीख देता येत नाही. त्याऐवजी 'अमुक कागद आल्यापासून इतके आठवडे' असं लिहा. त्यात एक फायदा असा की घड्याळ क्लायंटच्या कागदापासून सुरू होतं आणि पुढच्या महिन्यात तो विचारेल तेव्हा दोघांनाही दिसतं की कागद कधी आला. आणि 'आमचा अंदाज' हा शब्द तिथे असायलाच हवा, इन्शुरन्स कंपनीने लेखी मंजूर केलेला आकडा आणि आपला अंदाज हे एकाच कॉलममध्ये कधीही टाकू नका.

दुसरा क्लेम चोरीचा. चाकणहून हैदराबादला ऑटो पार्ट्सचा पूर्ण लोड, ३ जुलैची एलआर, गाडी दोन दिवसांनी सोलापूरच्या पुढे रिकामी सापडली, ड्रायव्हर गायब. इनव्हॉइस १९.६ लाखांचं. असा क्लेम लांबतोच, आणि का लांबतो हे क्लायंटला एकदा नीट समजावलंत की दर आठवड्याचे फोन थांबतात. चोरीच्या क्लेममध्ये इन्शुरन्स कंपनीला नुसती एफआयआर पुरत नाही, तपास होऊन माल आणि आरोपी मिळाले नाहीत असा पोलिसांचा शेवटचा रिपोर्ट हवा असतो. महाराष्ट्रात त्याला 'अ' समरी म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण आरोपीचा शोध लागला नाही, आणि पोलिसांनी मागितलेली समरी मॅजिस्ट्रेट कोर्टाने मंजूर केलेली असावी लागते. याला महिने लागतात आणि ते ना तुमच्या हातात ना सर्व्हेअरच्या. काही कंपन्या क्लायंटकडून हमीपत्र घेऊन, म्हणजे नंतर माल सापडला तर पैसे परत करू असं लिहून घेऊन, समरीच्या आधी पैसे देतात, तेव्हा आपण तशी विनंती जरूर करायची, पण कंपनीने लेखी हो म्हणेपर्यंत रिपोर्टमध्ये ती शक्यता पेमेंट म्हणून लिहायची नाही, फक्त 'विनंती पाठवली, उत्तर बाकी' एवढंच.

या क्लेममध्ये वाट बघत बसायच्या काळात करण्यासारखं काम मात्र आहे आणि ते रिपोर्टमध्ये यायला पाहिजे. एफआयआरमध्ये क्लायंटच्या सुपरवायझरने घाईत 'अंदाजे २२ लाखांचा माल' असं सांगितलंय आणि इनव्हॉइस १९.६ लाखांचं आहे, नगांची संख्या तर लिहिलेलीच नाही. हा फरक आज कोणाला खुपत नाही पण क्लेम कंपनीच्या टेबलवर गेला की पहिली क्वेरी हीच येणार. त्यासाठी पोलीस स्टेशनला जाऊन इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट देऊन पुरवणी जबाब नोंदवून घ्यायचा, आणि तो समरीसाठी कागद कोर्टात जायच्या आधी, नंतर फार अवघड होतं. शिवाय गाडी ट्रक ब्रोकरमार्फत बाजारातून घेतलेली होती, तेव्हा लोडिंगच्या वेळी क्लायंटने काय काय तपासलं, आरसी, लायसन्स, ड्रायव्हरचा फोटो, मालकाशी झालेला फोन, याचं जे काही गोडाऊनच्या रजिस्टरमध्ये किंवा मोबाईलमध्ये आहे ते आत्ताच गोळा करा. इंजिन-चासिस नंबर आरसीशी जुळतो का हेही बघा, नंबर प्लेट बदललेली गाडी असेल तर पूर्ण तपासाची दिशाच वेगळी होते. जीपीएसचा आणि फास्टॅगचा डेटा पण मागवून ठेवा, गाडी कुठल्या टोलपर्यंत गेली ते त्यातून दिसतं आणि असा डेटा जितका जुना तितका मिळवायला त्रास.

इथेही १८० दिवसांचं तेच: ३ जुलैपासून ३० डिसेंबर २०२५. चोरी आहे, एफआयआर झाली आहे, मग ट्रान्सपोर्टरला नोटीस कशाला असं क्लायंटला वाटतं. एफआयआर पोलिसांसाठी, नोटीस ट्रान्सपोर्टरसाठी, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. रिपोर्टच्या अगदी वर, क्लेमच्या यादीच्याही आधी, एक छोटा चौकोन करून तिथे फक्त मुदती टाका: पहिल्या क्लेमला ९ डिसेंबर, दुसऱ्याला ३० डिसेंबर. बाकी काही वाचलं नाही तरी एमडी तेवढं वाचतो.

तिसरा क्लेम सोपा आहे. विमानाने आलेले मशीनचे सुटे भाग, सहार कार्गोला डिलिव्हरी ५ ऑगस्टला, एक पेटी फुटलेली. आयातदाराच्या वतीने क्लायंटने एअरलाइनला ११ ऑगस्टला लेखी तक्रार दिली. मॉन्ट्रियल कन्व्हेन्शनप्रमाणे डॅमेजची तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत लागते, ती मुदत पाळली गेली, हे एका ओळीत नोंदवा म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. एअरलाइनवर दावा लावायची मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीने क्लेम मंजूर केलाय, डिस्चार्ज व्हाउचर आलंय आणि ते क्लायंटच्या ऑफिसमध्ये सहीसाठी पडून आहे. म्हणजे चार क्लेममधला सगळ्यात लवकर पैसे देणारा हाच आणि अडवून ठेवलाय तो क्लायंटनेच. ते सौम्य पण स्पष्ट लिहा: "मंजूर. आयातदाराची सही असलेलं व्हाउचर, सब्रोगेशन लेटर आणि कॅन्सल चेक मिळाल्यावर पेमेंट." सब्रोगेशन लेटर म्हणजे वसुलीचा हक्क इन्शुरन्स कंपनीला देणारं पत्र. त्याच नोंदीत हेही लिहा की मंजूर रकमेबद्दल हरकत असेल तर सही करायच्या आधी आम्हाला लेखी कळवा. व्हाउचरवर साधारणपणे 'पूर्ण आणि अंतिम' अशा अर्थाचा मजकूर असतो, आणि सही करून पैसे घेतल्यावर वाद काढणं फार कष्टाचं होतं.

चौथ्या क्लेमबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तो बाकीच्यांसारखा दिसतो पण तसा नाही. इथे क्लायंट पैसे मागत नाहीये, त्याच्याकडे मागितले जाताहेत. दुसऱ्या एका कंपनीचा माल क्लायंटने स्वतःच्या एलआरवर नेला होता, माल खराब झाला, त्या मालकाला त्याच्या इन्शुरन्स कंपनीने पैसे दिले आणि आता ती कंपनी मालकाच्या जागी उभी राहून तुमच्या क्लायंटकडे ९,१०,००० ची वसुली मागतेय. क्लायंटकडे कॅरिअर्स लायबिलिटी पॉलिसी आहे त्यामुळे आपल्याकडे हा क्लेम म्हणून नोंदलाय.

पहिलं म्हणजे क्लायंटच्या ऑफिसमधून कोणीही त्या नोटिसीला परस्पर उत्तर देऊ नये. ऑपरेशन्सचा माणूस संबंध टिकवायला म्हणून 'आमच्याकडून चूक झाली, काहीतरी सेटल करू' असं मेल टाकतो आणि लायबिलिटी पॉलिसीत कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नसते, मग कव्हरच धोक्यात येतं. नोटीस मिळाल्याची तारीख आणि पाकीट जपून ठेवायचं, आणि नोटीस जशीच्या तशी त्याच दिवशी आपल्याकडे.

दुसरं, किती द्यावे लागू शकतात. कॅरेज बाय रोड रूल्स २०११ प्रमाणे मालाची जास्त जोखीम घेऊन जास्त दराने भाडं ठरलेलं नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. या खेपेचं भाडं ३८,००० होतं, म्हणजे मर्यादा ३,८०,०००, आणि मागणी आहे ९,१०,००० ची. हा बचाव भक्कम वाटतो पण तो एलआर आणि गुड्स फॉरवर्डिंग नोट काय म्हणते यावर उभा असतो: भाडं त्यावर लिहिलंय का, मूल्य जाहीर केलंय का, 'ओनर्स रिस्क' की 'कॅरिअर्स रिस्क', जादा दर घेतलाय का. पुष्कळ ठिकाणी फॉरवर्डिंग नोट भरूनच घेत नाहीत आणि एलआरवर भाड्याच्या जागी 'टू बी बिल्ड' असं लिहिलेलं असतं, तेव्हा भाडं सिद्ध करायला बिल आणि बँकेची एंट्री लागते. शिवाय नुकसान कशामुळे झालं यावरूनही ही मर्यादा लागू होते की नाही याचा वाद होऊ शकतो. म्हणून मूळ एलआर, फॉरवर्डिंग नोट, भाड्याचं बिल आणि पैसे आल्याची एंट्री, एवढे चार कागद क्लायंटकडून मागवा आणि बाकी वकिलावर सोडा. त्यांची १८० दिवसांची नोटीस वेळेत आली होती का हेही तपासायचंय, पण तपासायचंय हे रिपोर्टमध्ये लिहायचं नाही.

का नाही, ते सांगते. क्लायंट तुमचा रिपोर्ट स्वतःपुरता ठेवत नाही. मालाचा मालक विचारतो काय झालं आमच्या क्लेमचं, आणि अकाउंट्सवाला सरळ तुमचा मेल फॉरवर्ड करतो. मग त्यात तुम्ही 'ताडपत्री फाटकी होती हे डिस्पॅचला माहीत होतं' किंवा 'दहापट भाड्याचा बचाव कमकुवत आहे' असं लिहिलं असेल तर ते समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये जाऊन बसतं. म्हणून चौथा क्लेम महिन्याच्या एकत्र रिपोर्टमध्ये एका ओळीत: "नोटीस मिळाली, विमा कंपनीला कळवली, पुढचा पत्रव्यवहार स्वतंत्र." आणि त्याचा तपशील वेगळ्या पत्राने, ज्या एकदोघांना लागतो त्यांनाच. बाकी तिन्ही नोंदीतही नुकसान कशामुळे झालं हे सर्व्हेअरच्या शब्दांपलीकडे लिहू नका. क्लायंटच्या माणसाची चूक दिसत असेल तर फोनवर सांगा.

पेंडिंग डॉक्युमेंट्सची यादी कशी द्यावी यावर तुमचा खास प्रश्न होता. जुन्या पद्धतीत पॉलिसीच्या चेकलिस्टमधले सगळे कागद चिकटवतात, पंधरा-वीस ओळी, त्यातले निम्मे आधीच दिलेले, आणि क्लायंटला वाटतं हे लोक मुद्दाम फिरवताहेत. प्रत्येक क्लेमपुढे फक्त खरोखर बाकी असलेला कागद, तो कोणाकडे आहे त्या माणसाचं नाव किंवा निदान डिपार्टमेंट, आणि तो नसल्यामुळे नेमकं काय थांबलंय, एवढं लिहा. 'मूळ पीओडी हवी' याला महिनोन्महिने उत्तर येत नाही. 'नागपूर डिलरच्या शेऱ्याची मूळ पीओडी, भिवंडी डिस्पॅचकडे जूनच्या फाइलमध्ये असावी, कंपनी स्कॅनवर छाननी करेल पण पेमेंटआधी मूळ बघणार' असं लिहिलं की माणूस उठून फाइल काढतो. आधी दिलेले कागद एका ओळीत 'मिळाले' म्हणून मान्य करा, तेवढ्याने निम्मी कटकट कमी होते.

ओपन पॉलिसी असल्यामुळे एक कागद मात्र क्लेमचा नसूनही पहिल्या दोन्ही क्लेमना लागतो, तो म्हणजे महिन्याचं डिक्लेरेशन. क्लायंटने जून आणि जुलैच्या खेपा डिक्लेअर केल्या नसतील, किंवा नेमकी हीच खेप सुटली असेल, तर कंपनी क्लेमच्या मेरिटवर यायच्या आधी तिथेच अडवते. रिपोर्ट पाठवायच्या आधी स्वतः डिक्लेरेशनच्या शीटमध्ये त्या दोन एलआर आणि पॉलिसीचा शिल्लक सम इन्शुअर्ड तपासून घ्या.

मेलची पहिली ओळही तुमच्या फॉरमॅटप्रमाणे 'प्लीज फाइंड अटॅच्ड' नको. तिथे थेट हे लिहा: "एका क्लेमचं पेमेंट तुमच्या व्हाउचरवर थांबलंय, दोन क्लेममध्ये ट्रान्सपोर्टरला नोटीस १० नोव्हेंबरपर्यंत जायला हवी, मसुदे सोबत आहेत." आणि दोन्ही मसुदे खरंच जोडा, एलआर नंबर, तारीख, रक्कम, ट्रान्सपोर्टरचा पत्ता भरून, फक्त लेटरहेडवर छापून सही करायची बाकी ठेवून. नुसतं 'नोटीस द्या' लिहिलं तर ते अकाउंट्सकडून ऑपरेशन्सकडे, तिथून लीगलकडे फिरत राहतं. ११ तारखेला पोस्टाच्या पावत्यांचे फोटो मागवा, आणि आले नाहीत तर मेल न करता सरळ भिवंडीच्या डिस्पॅचला फोन लावा.